‘ला’ दिसला की कोणती विभक्ती?

आठवीच्या वर्गात ‘नातू सापाला भितो’ याचे संस्कृत करायला सांगा. बरीच मुले ‘पौत्रः सर्पं बिभेति’ असे लिहितील. बरोबर वाक्य आहे ‘पौत्रः सर्पात् बिभेति’. मुलांनी मराठीतला ‘ला’ पाहिला आणि द्वितीया लावली. खरे तर प्रत्ययाआधी पाहायला हवे ते क्रियापदाकडे, कारण नामाचे क्रियेशी जे नाते असते तेच कारक.

एक वाक्य घेऊ : पितामही गृहे करण्डकात् हस्तेन पौत्राय मोदकं यच्छति. क्रिया देण्याची. देणारी आजी, ती कर्ता, प्रथमा. जे द्यायचे तो मोदक, म्हणजे कर्म, द्वितीया. ज्याने देते तो हात, करण; तृतीया. ज्याला द्यायचे तो नातू, संप्रदान, चतुर्थी. मोदक जिथून निघाला तो करंडा, अपादान; पंचमी. हे जिथे घडते ते घर, अधिकरण, सप्तमी. कारके ही सहाच. षष्ठी यांत नाही, कारण ‘रामस्य पुत्रः’ म्हणताना राम आणि मुलगा यांचे नाते कळते, क्रियेशी रामाचा संबंध येत नाही.

आता पुन्हा ‘ला’कडे येऊ. ‘आजी नातवाला पाहते’ यात पाहण्याची क्रिया नातवावरच होते, म्हणून ‘पौत्रं पश्यति’. ‘आजी नातवाला लाडू देते’ यात कर्म लाडू आहे आणि नातू तो घेणारा, म्हणून ‘पौत्राय’. मराठीत दोन्हीकडे ‘नातवाला’च, संस्कृतने मात्र ही नाती वेगळी ठेवली. ‘नातवाला लाडू आवडतो’ याचे होते ‘पौत्राय मोदकः रोचते’. इथे कर्ता चक्क लाडू आहे, आणि ज्याला तो रुचतो तो संप्रदान. सापाचे कोडेही असेच सुटते : भीती जिच्यापासून उपजते ती वस्तू पाणिनीने अपादान मानली आहे, म्हणून पंचमी. ‘रुच्’ आणि ‘भी’ या धातूंसाठी त्याने स्वतंत्र सूत्रे केली आहेत, तेव्हा हे धातू भेटताच विभक्तीसकट पाठ करून टाकावेत.

मग कारक म्हणजेच विभक्ती, असे मानले तर? तिथेही फसगत होते. पाणिनीने अष्टाध्यायीत कारके पहिल्या अध्यायात सांगितली आणि विभक्ती कुठे लावायच्या ते दुसऱ्या अध्यायात. हे वेगळेपण प्रयोग बदलला की लक्षात येते. ‘पितामही पौत्रं पश्यति’ हे कर्मणि केले की ‘पितामह्या पौत्रः दृश्यते’ होते. पाहणारी आजीच, पाहिला जाणारा नातूच. कर्ता आणि कर्म जागचे हलले नाहीत. पण कर्त्याला तृतीया आली आणि कर्माला प्रथमा. कारण ‘दृश्यते’ हे क्रियापदच कर्म सांगते, मग ते दाखवायला द्वितीया लागत नाही. ‘पश्यति’ कर्ता सांगते, म्हणून तिथे आजी प्रथमेत होती.