सभेचे इतिवृत्त

सभेत झालेल्या निर्णयांची अधिकृत लेखी नोंद म्हणजे इतिवृत्त. ते चिटणीस लिहितो. घाटंजी येथील एखाद्या शाळेच्या मराठी वाङ्मय मंडळाची सभा भरली, अशी कल्पना केल्यास तिचे इतिवृत्त पुढीलप्रमाणे होईल.

मराठी वाङ्मय मंडळ : इतिवृत्त
शनिवार, दिनांक १७ जानेवारी २०२६ रोजी दुपारी १२ वाजता शाळेच्या ग्रंथालयात मंडळाची सभा भरली. अध्यक्षस्थानी मंडळाचे अध्यक्ष होते. १५ सभासदांपैकी ११ उपस्थित होते. नियमाप्रमाणे ८ ही गणसंख्या पूर्ण झाल्याने कामकाज सुरू झाले.

विषय १ : मागील इतिवृत्त कायम करणे.
ते वाचून दाखविण्यात आले व एकमताने कायम करण्यात आले.

विषय २ : २७ फेब्रुवारीच्या मराठी भाषा गौरव दिनासाठी हस्तलिखित काढणे.
ठराव : हस्तलिखित काढावे व त्यासाठी शिलकेतील ६०० रुपयांपैकी ४०० रुपयांपर्यंत खर्च करावा.
सूचक : आठवीचे प्रतिनिधी. अनुमोदक : सातवीचे प्रतिनिधी.
अनुकूल ७, प्रतिकूल ३, तटस्थ १. ठराव संमत.
कार्यवाही : खजिनदाराने २४ जानेवारीपर्यंत कागद आणावा. संपादकाने १० फेब्रुवारीपर्यंत लेख जमवावेत.

आभार मानल्यावर सभा १ वाजता संपली.
चिटणीस (स्वाक्षरी)        अध्यक्ष (स्वाक्षरी)

प्रत्यक्ष इतिवृत्तात उपस्थितांची, सूचकाची व अनुमोदकाची पूर्ण नावे लिहितात. विषयांचा क्रम, सभेपूर्वी सर्वांस पाठविलेल्या विषयपत्रिकेप्रमाणेच असतो. तीत नसलेला विषय अध्यक्षांच्या अनुमतीने शेवटी घेतात.

या सभेत हस्तलिखितावर बराच वाद झाला असेल. पैसे बक्षिसांसाठी राखावेत, असे तिघांचे मत असेल. परंतु कोण किती वेळ बोलला, कोण रागावला, हे इतिवृत्तात येत नाही. ठरावाचे शब्द मात्र सभेपुढे वाचून जसेच्या तसे लिहावे लागतात. ‘कागद लवकर आणावा’ असे लिहिल्यास जबाबदारी कोणावरच राहत नाही. काम, ते करणारा व मुदत ही तिन्ही कार्यवाहीच्या प्रत्येक नोंदीत असली पाहिजेत.

पुढे खजिनदाराने ५५० रुपयांचा हिशेब मांडला, तर सभासद ठरावाकडे बोट दाखवू शकतील. मर्यादा ४०० रुपयांची होती. अधिक खर्चास सभेची निराळी मंजुरी हवी. नेमका आकडा लिहिलेला नसता, तर हा वाद केवळ आठवणींवर चालला असता आणि प्रत्येकाची आठवण वेगळी निघाली असती.

अध्यक्षांची स्वाक्षरी, पुढील सभेत इतिवृत्त कायम झाल्यावर होते. त्या वेळी नोंदीतील चूक दाखविता येते. चुकीचा मजकूर खोडून नाहीसा न करता त्यावर एक रेघ मारून शेजारी दुरुस्ती लिहितात. मात्र निर्णय पसंत नाही म्हणून नोंद बदलता येत नाही. सभेचे मत बदलले असेल, तर त्यासाठी नवा ठरावच मांडावा लागतो. जुना ठराव जागच्या जागी राहतो.