गूगलवर मथळा अर्धाच का दिसतो?

‘मथळा साठ अक्षरांत बसवा’ असा सल्ला वेबसाइटसाठी लिहिणाऱ्यांना हमखास मिळतो. हा आकडा इंग्रजीवरून आलेला अंदाज आहे. गूगल अक्षरं मोजत नाही, जागा मोजतं. संगणकाच्या पडद्यावर मथळ्याला साधारण ६०० पिक्सेल रुंदीची एक ओळ मिळते. त्यापुढचं तुटतं आणि तीन टिंबं येतात. मोबाईलवर मथळा दोन ओळींत जाऊ शकतो, म्हणून तिथे थोडं जास्त मावतं.

मराठीत हा अंदाज आणखी फसवा ठरतो. अक्षरं मोजणारी साधनं काना, मात्रा, हलन्त सगळं सुटं धरतात. ‘कुठे’ आणि ‘काका’ या दोन्ही शब्दांची मोजणी चारच येते. पण उकार खाली आणि मात्रा वर बसते, तर प्रत्येक काना आडवी जागा घेतो. ‘महत्त्वाची’ची मोजणी तर दहा भरते. त्यामुळे आकडा साठावर गेला म्हणून घाबरायला नको, आणि आत राहिला म्हणून निर्धास्तही राहू नये.

आता हा मथळा पाहा: ‘महाराष्ट्रातील शेतकऱ्यांसाठी महत्त्वाची बातमी: आता घरबसल्या मोबाईलवर असा मिळवा डिजिटल सातबारा’. संगणकावर तो ‘सातबारा’ येण्याआधीच तुटेल. म्हणजे ज्या शब्दासाठी माणूस शोधायला आला, तो सातबाराच गायब! उरलेल्या भागात बातमी महत्त्वाची आहे एवढंच कळतं, आणि तसं तर सगळेच म्हणतात.

त्याऐवजी: ‘डिजिटल सहीचा सातबारा मोबाईलवर कसा काढायचा? शुल्क १५ रुपये’. विषय पहिल्या तीन शब्दांत आला. पुढे कृती, मग खर्च. शेपूट तुटलं तरी फक्त शुल्क जाईल, आश्वासन शाबूत राहील. ‘महाराष्ट्रातील’ काढून टाकलं, कारण सातबारा म्हटल्यावर ते वेगळं सांगावं लागत नाही. अर्थात लेखात पायऱ्या आणि शुल्क दोन्ही असायला हवं. नाहीतर वाचक आल्या पावली परत जातो.

पानावरचा मोठा मथळा आणि शोधनिकालासाठीचा मथळा वेगळे ठेवता येतात. दुसरा पानाच्या कोडमध्ये `<title>` या खुणेत असतो. पहिल्यात थोडी ऐसपैस भाषा चालेल, पण दोघांचा विषय एकच हवा. कारण गूगल तुमचा `<title>` दाखवेलच असं नाही. तो फार लांब, मोघम किंवा जुनं वर्ष वागवणारा असेल, तर पानावरच्या मथळ्यातून किंवा दुवे देणाऱ्यांच्या शब्दांतून गूगल स्वतःच नवा जुळवतं. ऑगस्ट २०२१ मध्ये या पद्धतीत मोठा बदल झाला, तेव्हा आपले मथळे बदललेले पाहून अनेक संपादक चक्रावले होते.

तुमच्या मथळ्याचं काय झालं, हे पाहायला गूगलमध्ये `site:` लिहून त्याला जोडूनच पानाचा पत्ता टाका. बदल केल्यावर गूगलने पान पुन्हा वाचेपर्यंत जुनाच मथळा दिसेल. त्याला काही दिवस लागू शकतात.