वनस्पतींची पेशीभित्तिका आणि प्राण्यांचे पेशीबाह्य आधारद्रव्य

पेशीभित्तिका हे वनस्पतीच्या प्रत्येक पेशीभोवती, पेशीपटलाच्या बाहेरच्या बाजूस असलेले चिवट आवरण होय. सेल्युलोजचे तंतू हा तिचा मुख्य सांगाडा असतो. प्राणिपेशींना अशी भित्तिका नसते. त्यांच्याभोवती कोलॅजेनासारखी प्रथिने व जलधारक शर्करायुक्त रेणू यांचे जाळे असते. त्यास पेशीबाह्य आधारद्रव्य म्हणतात. दोन्ही रचना पेशी स्वतःच निर्माण करते व दोन्ही पेशीच्या बाहेर असतात. तथापि पाण्याचा दाब कोणी सोसायचा आणि शेजारच्या पेशीशी संपर्क कसा राखायचा, या दोन प्रश्नांची उत्तरे त्या अगदी भिन्न रीतीने देतात.

## सेल्युलोज आणि भित्तिकेची रचना

सेल्युलोज हा ग्लुकोजच्या रेणूंची साखळी आहे. स्टार्चही ग्लुकोजचाच बनलेला असतो. परंतु स्टार्चमधील जोडणीमुळे साखळीला वळसे पडतात, तर सेल्युलोजमध्ये प्रत्येक ग्लुकोज आधीच्या ग्लुकोजच्या तुलनेत उलटा बसत असल्याने साखळी सरळ राहते. अशा सरळ साखळ्या एकमेकींना खेटून बसतात, हायड्रोजन बंधांनी जखडल्या जातात आणि त्यांचा सुमारे ३ नॅनोमीटर जाडीचा सूक्ष्मतंतू तयार होतो. तो पाण्यात विरघळत नाही व ताणला असता सहजी तुटत नाही.

वाढत्या पेशीच्या प्राथमिक भित्तिकेत हे सूक्ष्मतंतू हेमिसेल्युलोज व पेक्टिन यांच्या ओलसर द्रव्यात रुतलेले असतात. दोन शेजारी पेशींच्या भित्तिकांमध्ये पेक्टिनप्रधान मध्यपटल असते व तेच त्यांना चिकटवून ठेवते. फळ पिकताना पेक्टिनचे विघटन होते. फळ मऊ पडण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. वाढ थांबल्यावर काही पेशी आतील बाजूने द्वितीयक भित्तिका रचतात. लाकडात तिच्यात लिग्निन भरले जाते.

सेल्युलोज पेशीच्या आत तयार होऊन बाहेर टाकले जात नाही. पेशीपटलात बसलेले, सहा पाकळ्यांच्या फुलासारखे दिसणारे विकरसंच आतील बाजूने ग्लुकोज घेतात आणि तयार साखळी थेट बाहेर सोडत पुढे सरकतात. त्यांचा मार्ग पटलाखालील सूक्ष्मनलिका दाखवितात, हे २००६ मध्ये जिवंत पेशींत प्रत्यक्ष पाहण्यात आले. तंतू पेशीभोवती आडव्या कड्यांसारखे गुंडाळले गेले, तर पेशी रुंदीकडे फुगू शकत नाही व लांबीत वाढते. कॉल्चिसीन या द्रव्याने सूक्ष्मनलिका मोडल्यास तंतूंची दिशा विस्कटते आणि लांबट होणारी पेशी गोलसर फुगू लागते.

## पाण्याचा दाब : एक तुलना

पेशीरसात लिटरला ०.३ मोल विद्राव्य कण आहेत असे धरू. २० अंश सेल्सिअस तापमानास अशा द्रावणाचा परासरण दाब सुमारे ०.७३ मेगापास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या सातपटीहून थोडा अधिक भरतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या हा तिप्पट आहे. अशी वनस्पतिपेशी शुद्ध पाण्यात ठेवली की पाणी आत शिरते, पेशीपटल भित्तिकेवर रेटले जाते आणि ताणलेली भित्तिका तितक्याच जोराने उलट रेटते. समतोल साधताच पाण्याचा निव्वळ प्रवेश थांबतो. कोवळे देठ व पाने ताठ राहतात ती याच दाबामुळे. पाणी कमी पडले की दाब उतरतो व पान कोमेजते.

माणसाच्या तांबड्या रक्तपेशीतील विद्राव्य कणांचे प्रमाणही जवळपास एवढेच, लिटरला ०.३ मोल असते. परंतु तिला भित्तिका नाही. शुद्ध पाण्यात ती फुगते व फुटते. मिठाचे द्रावण सुमारे ०.४५ टक्क्यांपर्यंत विरळ झाले तरी काही रक्तपेशी फुटू लागतात. म्हणून प्राण्यांचे शरीर पेशीऐवजी तिच्या भोवतालच्या द्रवाचे प्रमाण सांभाळते. शिरेतून देण्याचे सलाईन ०.९ टक्के असते याचे कारण हेच : लिटरमधील ९ ग्रॅम मिठापासून साधारण ०.३ मोल कण मिळतात.

भित्तिका व पेशीपटल ही वेगळी आवरणे असल्याचे जांभळट कांद्याच्या पापुद्र्यावर पाहता येते. पापुद्रा ५ टक्के मिठाच्या पाण्यात ठेवल्यास काही मिनिटांत रंगीत पेशीरस भित्तिकेपासून सुटून आत आक्रसतो, मात्र भित्तिकेची चौकट जागच्या जागी राहते. पापुद्रा आधी उकळला असेल तर पेशीपटल निकामी झालेले असते व आक्रसणे दिसत नाही.

## पेशीबाह्य आधारद्रव्य

आधारद्रव्यात ताण सोसण्याचे काम कोलॅजेन करते. हे प्रथिन आहे, शर्करा नव्हे. त्याच्या तीन साखळ्या पेशीच्या आत एकमेकींभोवती पिळल्या जातात, मग तो पीळ बाहेर टाकला जातो व तेथे त्याचे तंतू बनतात. पीळ टिकण्यासाठी साखळीतील काही प्रोलिनचे रूपांतर व्हावे लागते आणि त्या क्रियेस क जीवनसत्त्व लागते. ते न मिळाल्यास कोलॅजेन दुबळे राहते. हिरड्यांतून रक्त येते, जुन्या जखमाही उकलतात. हाच स्कर्व्ही रोग.

आधारद्रव्य नेहमी मऊच असते असे नाही; हाडात ते कॅल्शियमच्या क्षारांनी कठीण होते. कूर्चेत तर पाण्याचा दाबही आढळतो, पण तो पेशीत नसून आधारद्रव्यातच असतो : शर्करायुक्त रेणू पाणी शोषून फुगू पाहतात व कोलॅजेनचे जाळे त्यांना आवरते. मात्र प्राणिपेशी सहसा या जाळ्यात बंदिस्त नसते. इंटेग्रिन नावाच्या प्रथिनांनी ती जाळ्याला धरते, सोडते व अनेकदा त्यातून वाट काढीत पुढे जाते. वनस्पतिपेशी जन्मस्थानीच राहते.

## प्लाझ्मोडेस्माटा

भित्तिकेची रंध्रे साधारण ४ ते ५ नॅनोमीटरची असतात. पाणी, क्षार व लहान रेणू त्यांतून जातात, मोठे कण अडतात. शेजारी पेशींना जोडण्यासाठी भित्तिकेतून आरपार गेलेल्या, सुमारे ५० नॅनोमीटर रुंदीच्या वाहिन्या असतात. त्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. त्यांचे अस्तर म्हणजे दोन्ही पेशींचे सलग पेशीपटल होय. मधोमध अंतर्द्रव्यजालिकेची आवळलेली नळी जाते, त्यामुळे वाहतुकीस केवळ भोवतालची अरुंद फट उरते. पानाच्या अनेक पेशींत तीमधून सुमारे १,००० डाल्टनपर्यंतचे रेणू सहज जातात. वाहिनीच्या मुखाशी कॅलोज साचवून पेशी ती आवळू शकते.

प्राणिपेशींतील गॅप जंक्शन्सची मर्यादाही साधारण १,००० डाल्टनच असते. परंतु तेथे दोन्ही पटले स्वतंत्र राहतात व त्यांना प्रथिनांच्या नळ्या जोडतात.

या वाहिनीचे महत्त्व तंबाखूच्या मोझेक विषाणूवरून उमगते. त्याचा कण ३०० नॅनोमीटर लांब व १८ नॅनोमीटर रुंद असतो. भित्तिकेच्या रंध्रातून तो शिरू शकत नाही, म्हणून त्याला पानावरील जखम लागते. मजुरांच्या हातांनी व अवजारांनी तो पसरतो तो यामुळेच. प्राण्यांच्या विषाणूंना मात्र पेशीपटलावरील ग्राहींना थेट चिकटता येते. पहिल्या पेशीत वाढल्यावर पुढील पेशीत जाण्यासाठीही अखंड कण जाडच ठरतो. त्यासाठी विषाणू ३०,००० डाल्टनचे एक वहनप्रथिन तयार करवितो. ते वाहिनीची मर्यादा सुमारे दहापट वाढविते, असे १९८९ मध्ये दाखविण्यात आले. हेच प्रथिन विषाणूच्या आरएनएला बिलगते आणि कणाऐवजी तो आरएनए वाहिनीतून पलीकडे जातो. हे प्रथिन सदोष असलेला विषाणू पहिल्या पेशीत वाढतो, पण तेथेच अडकून पडतो.