आंबवडे की आंबवणे

भोरच्या बाजारपेठेतल्या एका पशुखाद्याच्या दुकानात मी हिशेब सांभाळते. भोर आणि वेल्हे तालुक्यांतले दूध उत्पादक आमच्याकडून पेंड, भुसा उधारीवर नेतात आणि दुधाचा पगार झाला की पैसे भरतात. ग्राहक-यादीतल्या जवळपास प्रत्येक ओळीमागे बाकी असते, त्यामुळे यादीतली ओळ चुकली की कुणाचं तरी खातं चुकतं.

यंदा टेम्पोवरच्या पोरांनी गावोगाव फिरून यादी नव्यानं भरून आणली. जुनीत 412 ओळी होत्या, नवीत 419. मालकांचं म्हणणं होतं, सात वाढले, लिहून टाका. पण सातचा फरक ही फक्त वजाबाकी. त्यात कोण आलं, कोण गेलं आणि कुणाचं काय बदललं, हे कळत नाही.

दोन्ही याद्यांच्या ओळी जुळवायच्या तर न बदलणारी खूण लागते. नाव चालत नाही, एका गावात एकाच नावाचे दोघे सापडतात. मोबाइल नंबर तर बापलेकांचा एकच असतो आणि बदलतोही. म्हणून खातेक्रमांक धरला. आधी दोन्हीकडे एकच क्रमांक दोनदा आला नाही ना हे पाहिलं, मग जुन्या यादीशेजारी हे सूत्र लावलं:

```
=IF(ISNA(MATCH(A2,navi!A:A,0)),"गेला","आहे")
```

नव्या यादीला तेच उलट लावलं की आलेले कळतात. गेलेले 14 निघाले, आलेले 21. 412 मधून 14 वजा, त्यात 21 मिळवले की 419. हिशेब जुळला.

मला मात्र खरी काळजी इथेच वाटते, कारण चूक असली तरी हा हिशेब जुळतोच. गेलेल्या आणि आलेल्यांच्या याद्या शेजारी ठेवून गाव व नावानुसार लावल्या, तेव्हा पाच जण दोन्हीकडे दिसले. त्यांना जुना क्रमांक आठवला नव्हता, म्हणून पोरांनी नवा दिला होता. टेम्पोवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, माणसं तीच आहेत, क्रमांक तेवढा नवा दिलाय." म्हणजे खरे गेलेले 9, आलेले 16, आणि 412 मधून 9 वजा करून 16 मिळवले तरी 419च. त्या पाच जणांना नवे ग्राहक मानलं असतं, तर त्यांची बाकी जुन्या क्रमांकावर पडून राहिली असती आणि नव्या क्रमांकावर त्यांना पुन्हा उधारी मिळाली असती.

आता दोन्हीकडे असलेल्या ओळींतले बदल. रकान्यागणिक तुलना लावली आणि वेल्ह्याकडच्या सगळ्याच ओळी लाल झाल्या. तालुक्याचं नाव आता राजगड झालं आहे. पोरांनी नवं नाव लिहिलं होतं, जुन्या यादीत वेल्हे होतं. अशा गर्दीत खरा बदल दिसत नाही. मी जुन्या यादीची प्रत घेऊन तिच्यात तालुक्याचं नाव एकदाच बदललं, नोंदवहीत त्याची एकच ओळ लिहिली आणि पुन्हा तुलना केली.

तरी काही आडनावं बदललेली दिसत होती, वाचताना मात्र सारखीच. ‘कुऱ्हाडे’मधला ऱ् मोबाइलवर एका पद्धतीनं टाइप होतो, जुन्या संगणकावर दुसऱ्या, डोळ्याला अक्षर एकच, यंत्राला दोन. शब्दाशेवटी राहिलेली मोकळी जागा आणि मराठी-इंग्रजी आकडे यांचंही तेच. हे सगळं तुलनेआधी दोन्ही प्रतींत सारखं करून घ्यायचं. मूळ फायलींना मात्र हात लावायचा नाही.

शेवटी 23 बदल उरले, बहुतेक फोन नंबरांचे. त्यातल्या एका ओळीत गाव आंबवडेचं आंबवणे झालं होतं. नागेश्वराचं आंबवडे भोर तालुक्यात, तर आंबवणे नसरापूरहून वेल्ह्याकडे जाताना लागतं. माणूस दोन्हीकडे राहू शकतो. पण त्याच ओळीत तालुका भोरच होता, पिनकोडही भोरचा, 412206. गाव बदललं आणि बाकीचा पत्ता तसाच राहिला, तिथे मला लिहिणाऱ्याचीच चूक वाटते. खातेदाराला विचारलं, तो आंबवड्यातच होता.

नोंदवहीत मी तारीख, खातेक्रमांक, रकाना, जुनी नोंद, नवी नोंद, कारण आणि कुणाला विचारलं एवढं लिहिते. जुनी नोंद पूर्ण लिहायचीच, नाहीतर बदल मागे घेता येत नाही. सूत्र बदल दाखवतं, कारण सांगत नाही. ते फोन करूनच मिळतं. सगळं झाल्यावर जुन्या यादीच्या कोऱ्या प्रतीवर नोंदवहीतले बदल एकेक करून चढवते. त्यातून दुरुस्त केलेली नवी यादी जशीच्या तशी उभी राहिली नाही, तर कुठला तरी बदल लिहायचा राहिलेला असतो.

गेलेल्या नऊपैकी तिघांची बाकी आहे. त्यांच्या ओळी यादीतून काढल्या नाहीत, पुढे ‘बंद, वसुली बाकी’ असं लिहिलं. पुढच्या तुलनेत ते ‘गेलेले’ म्हणून दिसले, तरी कारण समोरच असेल.