व्याजदरांमधील दीर्घकालीन संबंधांची संख्या : ट्रेस चाचणी

रिझर्व्ह बँक केंद्र सरकारच्या वतीने 91, 182 आणि 364 दिवसांच्या ट्रेझरी बिलांचे लिलाव करते. या तीन मुदतींचे मासिक व्याजदर तुम्ही एकाच आलेखावर काढले, तर प्रत्येक रेषा भटकताना दिसेल. ती कोणत्याही ठरावीक सरासरीकडे परतत नाही, म्हणजेच मालिका अस्थिर आहे. तरीही या रेषा एकमेकींपासून फार दूर जात नाहीत. कारण साधे आहे. वर्षभरासाठी पैसे गुंतवणाऱ्यास 364 दिवसांचे एक बिल घेता येते किंवा 91 दिवसांची चार बिले एकामागून एक घेता येतात. दोन्ही मार्गांच्या अपेक्षित प्राप्तीत मोठे अंतर पडले, की मागणी एका बाजूस वळते आणि अंतर कमी होते. वैयक्तिक मालिका अस्थिर, पण त्यांचे विशिष्ट संयोजन मात्र स्थिर, या स्थितीस सहएकीकरण म्हणतात.

येथे प्रश्न असा, की असे स्वतंत्र संबंध किती? तीन दरांच्या तीन जोड्या होतात, म्हणून उत्तर तीन, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु 91 व 182 दिवसांच्या दरांतील फरक स्थिर आणि 182 व 364 दिवसांच्या दरांतील फरकही स्थिर असेल, तर 91 व 364 यांमधील फरक आपोआपच स्थिर ठरतो. तिसरा संबंध पहिल्या दोहोंतूनच निघतो. त्यामुळे तीन अस्थिर मालिकांत अधिकाधिक दोनच स्वतंत्र संबंध संभवतात. जोड्यांच्या स्वतंत्र समाश्रयणातून ही मोजणी नीट होत नाही. शिवाय कोणता दर डाव्या बाजूस ठेवला, यावरही निष्कर्ष बदलू शकतो.

डॅनिश संख्याशास्त्रज्ञ सोरेन योहान्सेन यांनी 1988 मध्ये मांडलेल्या पद्धतीत सर्व मालिका एकाच प्रणालीत घेतल्या जातात. प्रत्येक दरातील या महिन्याचा बदल हा तिन्ही दरांच्या मागील पातळ्यांवर आणि मागील बदलांवर अवलंबून आहे, असे मानतात. मागील पातळ्यांच्या गुणांकांचे 3×3 मॅट्रिक्स तयार होते. त्याची रँक r हीच दीर्घकालीन संबंधांची संख्या होय. ही रँक अजमावण्यासाठी 0 ते 1 यांदरम्यानची तीन आयगेन मूल्ये काढून ती उतरत्या क्रमाने लावतात. शून्याजवळचे मूल्य म्हणजे त्या दिशेने संबंध नाही. ट्रेस संख्या अशी :

```
trace(r) = −T × Σ ln(1 − λi),  i = r+1, ..., 3
```

केवळ रीत समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा T = 120 महिने आणि आयगेन मूल्ये 0.25, 0.15 व 0.03 आली. तिन्हींचे वाटे अनुक्रमे 34.52, 19.50 व 3.66 होतात. सुरुवात नेहमी r = 0 पासून करावी. तिन्ही वाट्यांची बेरीज 57.68 ही 5 टक्के सार्थकता पातळीवरील निर्णायक मूल्य 35.19 पेक्षा मोठी आहे, म्हणून ‘एकही संबंध नाही’ ही परिकल्पना नाकारतो. पुढे ‘अधिकाधिक एक’ यासाठी शेवटच्या दोन वाट्यांची बेरीज 23.16, निर्णायक मूल्य 20.26, हीदेखील नाकारली जाते. ‘अधिकाधिक दोन’ यासाठी 3.66, निर्णायक मूल्य 9.16, ही नाकारता येत नाही. येथेच थांबायचे. r = 2 म्हणजे तीन दरांना ओढणारा समाईक अस्थिर प्रवाह एकच.

वरील निर्णायक मूल्ये स्थिरांक केवळ दीर्घकालीन संबंधात ठेवलेल्या रूपाची आहेत. व्याजदरांना किमतींप्रमाणे कायम चढता कल नसतो, म्हणून हे रूप योग्य. सॉफ्टवेअर आपोआप दुसरे रूप निवडत असेल, तर वेगळा तक्ता लागू होतो. हे तपासल्याशिवाय निष्कर्ष लिहू नये.

लहान नमुन्यात ही चाचणी गरजेपेक्षा अधिक संबंध शोधते. त्यावरचा एक उपाय म्हणजे T ऐवजी (T − मालिका × विलंब) घेणे. चार विलंब असतील तर 120 च्या जागी 108 येतात आणि 23.16 ची 20.84 होते. दुसरा संबंध टिकला, पण अगदी काठावर! अशा वेळी तक्त्याला कौल मागून थांबू नये. दरांमधील फरकांचे आलेख पाहावेत आणि उर्वरित त्रुटींमध्ये स्वसहसंबंध उरला आहे का, तेही पाहावे. उरला असल्यास विलंब कमी पडले आहेत.

चाचणी संबंधांची संख्या सांगते, स्वरूप नव्हे. ते संबंध म्हणजे दरांमधील फरकच, हे गुणांकांवर (1, −1, 0) आणि (0, 1, −1) अशी बंधने घालून वेगळे तपासावे लागते. हॉल, अँडरसन व ग्रेंजर यांनी 1992 मध्ये अमेरिकी ट्रेझरी बिलांच्या अभ्यासात दाखवले, की फेडरल रिझर्व्ह अल्पमुदती व्याजदरांना लक्ष्य करीत असे त्या काळात हे फरकच सहएकीकरणाचे संबंध ठरतात. ऑक्टोबर 1979 मध्ये त्या बँकेने दरांऐवजी बँकांच्या राखीव निधीवर नियंत्रण ठेवण्याचे धोरण स्वीकारले, ते 1982 पर्यंत चालले आणि दर अतिशय अस्थिर झाले. अशी वर्षे मधोमध असलेला नमुना अखंड चाचणीत घातल्यास मिळणारी रँक कोणत्याच कालखंडाची नसते. म्हणून धोरण बदलल्याच्या तारखेवर नमुना तोडून प्रत्येक भागाची चाचणी स्वतंत्रपणे करावी.