पावतीतला वेग

समृद्धी महामार्गावरच्या टोलपावतीचा फोटो आहे असे समजा: प्रवेश ९.५०, निर्गम ११.३५, अंतर २१० किमी. वेळ झाला १ तास ४५ मिनिटे. इथेच अनेकजण घसरतात आणि २१० ला १.४५ ने भागून १४५ चा वेग काढतात! ४५ मिनिटे म्हणजे पाऊण तास, म्हणून भागायचे १.७५ ने. उत्तर येते ताशी १२० किमी, मोटारींसाठीची नेमकी कमाल मर्यादा. पावतीवर सेकंद नसतील तर खरा वेग ११९ ते १२१ यांपैकी कुठेही असू शकतो. मात्र वाटेत चहाला पंधरा मिनिटे थांबला असाल, तर गाडी सरासरी १४० ने पळाली होती.