एक पाइप आणि चार समीकरणं

सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला पोचलेल्या मुलांना पाइपमधल्या प्रवाहाची समीकरणं बहुधा पाठ असतात. गाडी अडते ती कुठलं समीकरण कुठे लावायचं, इथे. त्यामुळे उजळणीच्या एका पानावर सूत्रांची यादी करण्यापेक्षा एकच पाइप घ्यावा आणि त्याची परिस्थिती बदलत जावी.

पाइप बिडाचा, नवा, व्यास १५० मिमी, लांबी एक किलोमीटर. त्यातून सेकंदाला २० लिटर पाणी जातंय, म्हणजे वेग साधारण १.१३ मीटर प्रति सेकंद. भिंतीशी घासत जाताना पाण्याचा दाब कमी होत जातो. ही घट पाण्याच्या स्तंभाच्या मीटरमध्ये मोजतात आणि तिला हेड लॉस म्हणतात. टाकी किती उंच बांधायची, हे त्यावर ठरतं.

सूत्राला हात घालण्याआधी रेनॉल्ड्स नंबर काढायचा: Re = VD/ν. इथे तो सुमारे १ लाख ७० हजार येतो. २००० च्या खाली प्रवाह शिस्तीत, थराथराने जातो. ४००० च्या वर तो घुसळलेला, म्हणजे टर्ब्युलंट असतो. मधला पट्टा बेभरवशाचा, तिथे डिझाइन न करणंच बरं. शहराच्या नळांमधलं पाणी जवळपास नेहमी टर्ब्युलंटच असतं.

आता डार्सी-वाइसबाख: hf = f L V² / (2 g D). पूर्ण भरलेला पाइप आणि स्थिर प्रवाह असेल, तर ते कुठल्याही द्रवाला आणि दोन्ही प्रकारच्या प्रवाहांना चालतं. सगळी गोम f मध्ये आहे. टर्ब्युलंट प्रवाहात f मूडी आलेखावरून किंवा कोलब्रूकच्या समीकरणावरून घ्यायचा. आपल्या पाइपाचा खडबडीतपणा ०.२६ मिमी धरला, तर f सुमारे ०.०२४ आणि हेड लॉस साडेदहा मीटरच्या आसपास येतो.

इथेच सर्वांत महाग चूक होते. आपल्याकडच्या काही पाठ्यपुस्तकांत हेच सूत्र 4fLV²/(2gD) असं छापलेलं असतं. त्यातला f फॅनिंगचा, म्हणजे डार्सीच्या f च्या चौथा हिस्सा. मूडी आलेखावरचा ०.०२४ त्या सूत्रात घातला, की उत्तर ४२ मीटर! टाकी चार मजल्यांची होण्याऐवजी चौदा मजल्यांची. पुस्तकातला f कोणता, हे ओळखायची सोपी खूण आहे. लॅमिनार प्रवाहासाठी त्यात 64/Re दिलं असेल तर तो डार्सीचा, आणि 16/Re असेल तर फॅनिंगचा; 4 फक्त त्याच्यासोबत येतो.

पाणीपुरवठ्याच्या कामात मात्र बहुतेक हिशेब हेझन-विल्यम्सवर चालतात: V = 0.849 C R^0.63 S^0.54. यात R म्हणजे भरलेल्या पाइपासाठी D/4, आणि S म्हणजे दर मीटर लांबीमागे होणारा हेड लॉस. नव्या बिडाच्या पाइपाला C १३० धरला, तर आपल्या पाइपाचा हेड लॉस साडेनऊ मीटर येतो, म्हणजे डार्सीच्या बराच जवळ. पाइप जुना होऊन गंजला आणि C १०० वर आला, की तोच साडेपंधरा. आलेख नको, पुनःपुन्हा अंदाज बांधून सोडवणं नको, म्हणून हे सूत्र सोयीचं. पण ते अनुभवातून बांधलेलं आहे आणि त्यात चिकटपणाला जागाच नाही. त्यामुळे ते फक्त नेहमीच्या तापमानाच्या पाण्यासाठी, टर्ब्युलंट प्रवाहात आणि फार बारीक नसलेल्या पाइपांनाच लावावं.

याचा पडताळा घ्यायचा तर त्याच पाइपातून, त्याच वेगाने, पाण्याच्या शंभरपट चिकट तेल सोडा. Re १७०० वर उतरतो, प्रवाह लॅमिनार होतो. आता f = 64/Re, म्हणजे ०.०३८ च्या जवळ. हेगन-प्वाझय म्हणतात ते हेच, आणि इथे भिंतीच्या खडबडीतपणाने काही फरक पडत नाही. हेड लॉस साडेसोळा मीटरच्या आतबाहेर. हेझन-विल्यम्स इथेही बिनदिक्कत साडेनऊच सांगतं.

चौथी परिस्थिती गटारीची. पाइप अर्धाच भरलेला, वर हवा, पाणी फक्त उतारावर वाहतंय. मग मॅनिंग: V = (1/n) R^(2/3) S^(1/2). इथे S म्हणजे उतार, आणि R म्हणजे ओलं क्षेत्रफळ भागिले ओला परीघ. पाइपाचा व्यास तोच, पण n ०.०१३ आणि उतार १०० मीटरला १ मीटर असेल, तर वेग ०.८६ मीटर प्रति सेकंद. गंमत म्हणजे अर्धा भरलेला आणि पूर्ण भरलेला, दोन्ही वेळी R सारखाच, ३७.५ मिमी. म्हणून वेगही तोच. प्रवाह तेवढा निम्मा.

आणि झडप झटकन बंद केली तर? वरची चारही समीकरणं स्थिर प्रवाहाची आहेत, ती तिथे कामाची नाहीत. दाबाची लाट पाइपात सेकंदाला १२०० मीटर वेगाने धावते असं धरलं, तर झुकोव्स्कीच्या ΔH = aΔV/g प्रमाणे आपल्या पाइपात दाब एकदम १३८ मीटरने चढतो.